उष्णता निर्देशांक व अतिनील निर्देशांक (धाराशिव जिल्हा)

उष्णता निर्देशांक आणि अतिनील निर्देशांक हे उन्हाळ्यातील धोका सांगणारे दोन वेगवेगळे आकडे आहेत. पहिला आकडा हवेचे तापमान आणि तिच्यातील ओलावा यांचा शरीरावर होणारा एकत्रित परिणाम सांगतो. दुसरा आकडा सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे त्वचेला व डोळ्यांना किती इजा करू शकतात हे सांगतो. दोन्ही आकडे 'ऊन किती आहे' या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत असे समजले जाते, परंतु ते दिवसाच्या एकाच वेळी शिखरावर नसतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात मे महिन्यात अतिनील निर्देशांक दुपारी साडेबाराच्या आधीच सर्वोच्च होतो, तर हवेची उष्णता तीन-चारच्या सुमारास शिखर गाठते. त्यामुळे मुलांना मैदानावर केव्हा सोडावे याचे उत्तर सकाळी एक निर्देशांक देतो आणि संध्याकाळी दुसरा.

## उष्णता निर्देशांक

मानवी शरीर मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते. हवा कोरडी असेल तर घाम लवकर सुकतो आणि शरीरातील उष्णता बाहेर जाते. हवा दमट असेल तर घाम अंगावरून नुसता निथळतो व त्याचा उपयोग होत नाही. हा फरक एका आकड्यात मांडण्याचे काम अमेरिकेतील रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ साली केले. त्यांच्या तक्त्यांवरून लान्स रॉथफुस यांनी १९९० मध्ये एक समीकरण बसवले आणि अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तेच वापरते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२३ च्या उन्हाळ्यात प्रायोगिक तत्त्वावर देशाचे उष्णता निर्देशांकाचे नकाशे देण्यास सुरुवात केली. त्यांचा आधारही हेच समीकरण आहे.

निर्देशांक अंश सेल्सिअसमध्येच लिहिला जातो, म्हणून तो तापमानासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'सावलीत, मंद वाऱ्यात, चालत असलेल्या प्रौढ माणसाला ही हवा किती तापमानासारखी जाणवेल' असा आहे. या व्याख्येतील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. उघड्या उन्हात उभे राहिल्यास जाणवणारी उष्णता या आकड्यापेक्षा सुमारे ८ अंशांपर्यंत वाढू शकते. पळणाऱ्या मुलाच्या स्नायूंत निर्माण होणारी उष्णता तर यात धरलेलीच नाही.

हवा फार कोरडी असेल तेव्हा निर्देशांक तापमानापेक्षा कमीही येतो. ३८ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना समीकरण सुमारे ३६ हा आकडा देते. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमधील कोरड्या दुपारी असेच घडते. हा आकडा दिलासा देणारा वाटला तरी तो घाम वेगाने सुकत असल्याचा परिणाम आहे. घाम सुकत असल्यामुळे अंग कोरडे वाटते आणि किती पाणी गेले हे कळत नाही. पाणी भरून निघाले नाही तर थंड होण्याची यंत्रणाच बंद पडते. कोरड्या प्रदेशात उष्णता निर्देशांकाबरोबर मूळ तापमानही पाहावे लागते ते यामुळे.

### रंगपट्टे

हवामान विभागाच्या प्रायोगिक नकाशात ३५ पर्यंत हिरवा, ३६ ते ४५ पिवळा, ४६ ते ५५ नारंगी आणि ५५ च्या पुढे लाल रंग असतो. अमेरिकी पद्धतीत मात्र ३९ ते ५१ हा पट्टाच 'धोका' म्हणून ओळखला जातो. निर्देशांक ४१ असेल तर भारतीय नकाशा पिवळा दिसतो, पण तोच आकडा दुसऱ्या पद्धतीत धोक्याच्या पट्ट्यात बसतो. भारतीय पट्टे उष्ण प्रदेशात राहणाऱ्या सर्वसाधारण लोकसंख्येसाठी आहेत, धावणाऱ्या मुलांसाठी नव्हेत. खेळाचा निर्णय घेताना पिवळ्या रंगाला परवानगी समजणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

उष्णतेची लाट ही संज्ञा वेगळी आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश होऊन ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर गेले, अथवा तापमान थेट ४५ अंशांवर पोहोचले, तर लाट मानली जाते. या निकषात आर्द्रता येत नाही. लाट जाहीर झालेली नाही, म्हणून हवा निर्धोक आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्यावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेले कमाल तापमान सुमारे ३८ अंश होते. मराठवाड्यातील माणसाला हा आकडा नेहमीचा वाटेल. किनाऱ्याची दमट हवा, डोक्यावर छप्पर नसणे आणि अनेक तास एका जागी बसणे यांनी तो जीवघेणा केला.

## अतिनील निर्देशांक

सूर्याची अतिनील किरणे दिसत नाहीत आणि उबही देत नाहीत. त्यामुळे थंड वाऱ्याच्या दिवशीही त्यांचे प्रमाण जास्त असू शकते. कॅनडाने १९९२ मध्ये लोकांसाठी असा निर्देशांक देण्यास सुरुवात केली. पुढे जागतिक आरोग्य संघटना व जागतिक हवामान संघटना यांनी त्याचे एकच आंतरराष्ट्रीय स्वरूप ठरवले. त्वचा लाल करण्याच्या क्षमतेनुसार वेगवेगळ्या तरंगलांबीच्या किरणांना कमी-अधिक वजन देऊन त्यांची बेरीज करतात. जमिनीच्या दर चौरस मीटरवर अशी २५ मिलिवॉट ऊर्जा पडत असेल तर निर्देशांक १ होतो. निर्देशांकाला वरची मर्यादा नाही.

० ते २ हा कमी, ३ ते ५ मध्यम, ६ ते ७ जास्त, ८ ते १० अतिशय जास्त आणि ११ किंवा पुढे तीव्र असे गट आहेत. ३ पासून टोपी, अंगभर कपडे आणि सावली यांची गरज सुरू होते, आणि ८ पासून मध्यान्ही बाहेर थांबणे टाळावे, असे आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे.

सावळ्या त्वचेला उन्हाने भाजण्यास अधिक वेळ लागतो आणि भारतात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. या दोन गोष्टींमुळे हा निर्देशांक आपल्यासाठी नाही, असा समज आढळतो. डोळ्यांच्या बाबतीत तो खरा नाही. अतिनील किरणे वर्षानुवर्षे डोळ्यांवर पडत राहिली की मोतीबिंदूची शक्यता वाढते आणि त्वचेचा रंग तेथे बचाव करत नाही. मूल रोज मैदानावर घालवीत असलेला वेळ या हिशेबात साठत जातो. तरीही दोन्ही धोक्यांचे स्वरूप भिन्न आहे हे लक्षात ठेवावे: अतिनील किरणांचे नुकसान हळूहळू साचते, उष्णता एका दुपारीत जीव घेऊ शकते. दोन्हींत निवड करण्याची वेळ आली तर उष्णतेला अग्रक्रम द्यावा लागतो.

## जिल्ह्याचे स्थान आणि ऊन

धाराशिव शहर सुमारे १८.२ अंश उत्तर अक्षांशावर, बालाघाटाच्या पठारावर समुद्रसपाटीपासून अंदाजे ६५० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणे १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे किनाऱ्याच्या तुलनेत येथे ती सहा-सात टक्के अधिक असतात. हा फरक लहान आहे. खरा परिणाम अक्षांशाचा आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. शाळांतून 'शून्य सावली दिवस' म्हणून हा प्रयोग केला जातो. जुलैमध्ये बहुधा ढग असतात, मेमध्ये आकाश स्वच्छ असते. त्यामुळे मेमध्ये मध्यान्हीचा अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि धाराशिव सुमारे ७६ अंशांवर आहे, म्हणून सूर्य येथे उशिरा माथ्यावर येतो. मेच्या मध्यावर ही वेळ साधारण १२ वाजून २२ मिनिटे असते, फेब्रुवारीत ती १२:४० पर्यंत सरकते. अतिनील किरणे या क्षणाच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच उतरतात. म्हणजे सकाळी ९:२० ला जो निर्देशांक असतो तोच दुपारी ३:२० ला असतो. हवेची उष्णता अशी समान उतरत नाही. जमीन दिवसभर तापून ती उष्णता हवेला देत राहते, म्हणून संध्याकाळ सकाळपेक्षा कितीतरी गरम असते.

## मे महिन्यातील एक दिवस

पुढील तक्ता मेच्या मध्यावरील एका स्वच्छ, कोरड्या दिवसाचा नमुना आहे. तापमान व आर्द्रता हे उदाहरणादाखल घेतलेले, पण या भागातील उन्हाळ्याला साजेसे आकडे आहेत. उष्णता निर्देशांक वर सांगितलेल्या समीकरणाने काढला आहे. अतिनील निर्देशांक मध्यान्ही १२ धरून, सूर्याच्या उंचीवरून मोजला आहे. हवेतील धुळीने तो काहीसा कमी होऊ शकतो.

| वेळ | तापमान (अंश से.) | सापेक्ष आर्द्रता (टक्के) | उष्णता निर्देशांक | अतिनील निर्देशांक |
|---|---|---|---|---|
| सकाळी ७:२० | २७ | ४५ | २७ | १ |
| सकाळी ८:२० | ३० | ४० | ३० | ३ |
| सकाळी ९:२० | ३३ | ३५ | ३३ | ६ |
| दुपारी १२:२० | ३९ | २० | ३८ | १२ |
| दुपारी ३:२० | ४१ | २० | ४१ | ६ |
| सायंकाळी ५:२० | ३९ | २० | ३८ | १ |
| सायंकाळी ६:३० | ३६ | २५ | ३५ | ० |

सकाळचे ७:२० आणि सायंकाळचे ५:२० या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. अतिनील निर्देशांक दोन्हींत १ आहे, पण उष्णता निर्देशांकात ११ अंशांचा फरक आहे. केवळ अतिनील आकडा पाहणारा पालक पाच वाजता मुलांना क्रिकेट खेळायला पाठवील, आणि ते चुकीचे ठरेल. उलट साडेनऊला हवा अजून सुसह्य वाटते, पण अतिनील किरणे 'जास्त' गटात पोहोचलेली असतात. या दिवशी धावपळीच्या खेळासाठी खरी मोकळी वेळ सूर्योदयापासून, म्हणजे सहाच्या आधीपासून, साधारण साडेआठपर्यंत आहे. सायंकाळी सहानंतर हलका खेळ चालतो. तेव्हाही निर्देशांक पस्तिशीच्या आसपास असल्याने विश्रांती व पाणी ठरवूनच द्यावे लागते.

घड्याळ किंवा फोन नसताना सावलीवरून अतिनील किरणांचा अंदाज घेता येतो. वरील दिवशी सावली माणसाच्या उंचीच्या दीडपट असताना निर्देशांक सुमारे ३ असतो, आणि उंचीइतकी झाली की ५ पर्यंत गेलेला असतो. सावली उंचीपेक्षा लहान असेल तोवर मैदानापेक्षा झाडाखाली थांबणे बरे. ही खूण कोणत्याही ऋतूत उपयोगी पडते, कारण ती सूर्याच्या उंचीवर चालते. उष्णतेसाठी मात्र सावलीची अशी कोणतीही खूण नाही.

### सकाळच्या शाळा

राज्य शासनाने मार्च २०२५ च्या अखेरीस सर्व शाळा सकाळच्या सत्रात भरवण्याचे निर्देश दिले. त्यांत प्राथमिक शाळांची वेळ ७ ते ११:१५ आणि माध्यमिक शाळांची ७ ते ११:४५ अशी होती. मुलांना दुपारच्या उष्णतेतून वाचवण्याचा हेतू यातून साधतो. शाळा सुटण्याच्या वेळी मात्र अतिनील किरणे जवळपास पूर्ण जोरात असतात. एप्रिलच्या मध्यावर ११:१५ वाजता ती मध्यान्हीच्या प्रमाणाच्या नऊ दशांश असतात. वाडी-वस्तीवर पायी परतणाऱ्या मुलांसाठी टोपी, रुमाल किंवा छत्री ही त्या वेळेची गरज ठरते. खेळाचा तास असेल तर तो सत्राच्या सुरुवातीला, सातच्या सुमारास ठेवल्याने दोन्ही निर्देशांक अनुकूल मिळतात. शेवटच्या तासाला खेळ ठेवण्याची रूढ सवय येथे नडते.

## जूनमधील दमट हवा

मृग निघाले, आकाश भरून आले आणि पारा ४१ वरून ३४ वर उतरला की उन्हाळा संपला असे सर्वांनाच वाटते. शाळाही जूनच्या मध्यावर सुरू होतात. परंतु पाऊस नीट सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांत आर्द्रता झपाट्याने वाढलेली असते. ३४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता यांचा उष्णता निर्देशांक सुमारे ४२ येतो. मेच्या ४१ अंशांच्या कोरड्या दुपारी तो ४१ होता. तापमापक सात अंशांनी खाली आला आणि शरीरावरचा भार तेवढाच राहिला.

या हवेची खूण अंगावरच दिसते. सावलीत उभे राहूनही घाम सुकत नाही, सदरा पाठीला चिकटून राहतो आणि रात्रीही घरात काहिली होते. अशा दिवशी चार वाजताच्या खेळाच्या तासाला धावण्याच्या शर्यती ठेवणे धोक्याचे आहे. ढग पातळ असतील तर त्यांतून ९० टक्क्यांहून अधिक अतिनील किरणे खाली येतात, म्हणून ढगाळ आकाशामुळे दुसरा धोकाही पूर्णपणे टळत नाही. पाऊस स्थिरावून तापमान २८ अंशांवर आले की ८० टक्के आर्द्रतेतही निर्देशांक ३२ च्या आसपास राहतो आणि नेहमीचा खेळ सुरू करता येतो.

हिवाळ्यात चित्र उलटे होते. डिसेंबर-जानेवारीत दुपारचे तापमान तिशीच्या आत असते आणि उष्णता निर्देशांक चिंतेचा राहत नाही, पण स्वच्छ आकाशात मध्यान्हीचा अतिनील निर्देशांक ६ ते ७ असतो. शाळांचे क्रीडामहोत्सव याच दिवसांत, बहुधा भर दुपारी होतात. तेथे मंडप आणि टोप्या पुरेशा आहेत, खेळ थांबवण्याचे कारण नाही.

## मुलांचे शरीर

वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. हवा त्वचेपेक्षा गरम असली की या मोठ्या पृष्ठभागातून बाहेरची उष्णता आत येते. मुलांना घामही प्रौढांपेक्षा कमी येतो. यावरून मुले उष्णता मुळातच सहन करू शकत नाहीत असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये ही भूमिका बदलली. पुरेसे पाणी, विश्रांती आणि सवय असेल तर मुलांची क्षमता प्रौढांपेक्षा फारशी कमी नसते. प्रकृती बिघडते ती अति श्रम, दोन फेऱ्यांमधील अपुरी विश्रांती, अपुरे पाणी आणि अंगावरचे चुकीचे कपडे यांमुळे, म्हणजे बहुतेक वेळा मोठ्यांनी बदलता येण्याजोग्या गोष्टींमुळे.

उन्हाची सवय होण्यास १० ते १४ दिवस लागतात. पुण्या-मुंबईहून सुट्टीत आजोळी आलेले मूल पहिल्याच दिवशी गावातल्या भावंडांइतके पळू लागले तर त्याला ऊन लागण्याची शक्यता अधिक असते. आजारातून उठलेले, जुलाब-उलट्या झालेले किंवा रात्री झोप न झालेले मूल हे सवयीचे असले तरी त्या दिवशी नवखेच समजावे.

## खेळाचा निर्णय

मुलांच्या पाळणाघरांसाठीच्या अमेरिकी राष्ट्रीय मानकांत उष्णता निर्देशांक ३२ किंवा अधिक असणे ही बाहेर खेळण्यातील लक्षणीय जोखीम मानली आहे. हा निकष धाराशिवला जसाच्या तसा लावला तर मेमध्ये सकाळी नऊनंतर रात्रीपर्यंत मुले घराबाहेरच पडणार नाहीत, आणि पत्र्याच्या तापलेल्या खोलीत बसणे लिंबाच्या झाडाखाली बसण्यापेक्षा सुरक्षित असते असेही नाही. येथील सवयीच्या मुलांसाठी ३२ ही बंदीची नव्हे, सावधगिरीची रेषा मानणे अधिक व्यवहार्य आहे. निर्देशांक ३२ ते ३९ या दरम्यान असेल तर खेळ सावलीत, छोट्या पाळ्यांत आणि ठरलेल्या पाण्यासह व्हावा. ३९ च्या पुढे धावण्याचे खेळ थांबवावेत. तापमान ४० च्या वर असेल आणि हवा कोरडी असल्यामुळे निर्देशांक त्याहून खाली दिसत असेल, तरी हाच नियम लावावा.

खो-खो हा या जिल्ह्याचा ओळखीचा खेळ आहे. अर्जुन पुरस्कार (२०२०) मिळवणाऱ्या सारिका काळे याच जिल्ह्यातील. उन्हाळी शिबिरांत तो खेळला जातो, म्हणून त्याचे उदाहरण घेता येईल. मोठ्या गटात एक पाळी ९ मिनिटांची असते. या काळात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू चौकोनांत बसलेले असतात आणि एक पळत असतो. बसलेले खेळाडू विश्रांती घेत आहेत असे वाटते, पण ते उघड्या उन्हात तापलेल्या मातीजवळ बसलेले असतात आणि 'खो' मिळताच पूर्ण वेगाने उठतात. सकाळी ६:१५ ते ८:१५ या वेळेतील शिबिरात पहिल्या आठवड्यात सरावाचा वेळ एक तासच ठेवणे, पाळी सात मिनिटांची करणे आणि प्रत्येक पाळीनंतर संपूर्ण संघ झाडाखाली नेणे एवढ्याने भार बराच कमी होतो. ९ ते १२ वर्षांच्या मुलाला दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक पेला पाणी लागते. तहान लागण्याची वाट पाहू नये, कारण खेळात रंगलेल्या मुलाला ती उशिरा जाणवते. घाम खूप गेला असेल तर मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक चांगले.

सावलीचा दर्जाही सारखा नसतो. गर्द झाडाची सावली उष्णता आणि अतिनील किरणे दोन्ही कमी करते. पत्र्याच्या छताखाली थेट ऊन लागत नाही, पण तापलेला पत्रा वरून उष्णता सोडतो आणि उघड्या बाजूंनी आकाशातील विखुरलेली अतिनील किरणे येत राहतात. लोखंडी घसरगुंडी व झोपाळ्याच्या साखळ्या हाताच्या मागील बाजूने तपासल्याशिवाय लहान मुलांना त्यांवर बसू देऊ नये. सायंकाळी सहा वाजताही त्या पोळतात.

## आकडे मिळवताना होणाऱ्या चुका

सर्वांत वारंवार होणारी चूक म्हणजे दिवसाचे कमाल तापमान आणि सकाळची आर्द्रता एकत्र घेणे. वर दिलेल्या दिवशी सकाळी ७:२० ची आर्द्रता ४५ टक्के होती. ती दुपारच्या ४१ अंशांसोबत समीकरणात घातली तर निर्देशांक ५४ येतो, प्रत्यक्षात तो ४१ होता. हवा तापत जाते तसतशी सापेक्ष आर्द्रता घटते, म्हणून दोन्ही नोंदी एकाच वेळेच्या असाव्या लागतात. आकडा अविश्वसनीय वाटला तर आधी हेच तपासावे.

मोबाइलवरील हवामान अनुप्रयोगांत दिसणारा 'जाणवणारे तापमान' हा आकडा प्रत्येक ठिकाणी उष्णता निर्देशांकच असेल असे नाही. काही अनुप्रयोग त्यात वारा व ऊनही धरतात. तेथील अतिनील निर्देशांक बहुधा गावात मोजलेला नसून प्रतिमानाने काढलेला असतो, आणि तो दिवसाचा सर्वोच्च आहे की त्या तासाचा हे पाहून घ्यावे लागते. महसूल मंडळांतील महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे तापमान व आर्द्रता नोंदवतात. ती उघड्या जागेतील हवा मोजतात, भिंतींनी वेढलेल्या, फरशी घातलेल्या शाळेच्या पटांगणाची नव्हे. ऊन, वारा आणि आर्द्रता यांचा एकत्र विचार करणारे ओल्या गोलकाचे तापमान क्रीडावैद्यकात अधिक ग्राह्य मानतात, पण त्यासाठी लागणारे उपकरण गावपातळीवर क्वचितच असते.

## ऊन लागल्याची लक्षणे

सुरुवातीला मूल चिडचिडे होते, डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते आणि लघवी गडद व कमी होते. या टप्प्यावर खेळ थांबवून सावलीत झोपवणे, कपडे सैल करणे, ओल्या फडक्याने अंग पुसणे आणि ओआरएसचे पाणी घोट-घोट देणे पुरते. अर्ध्या तासात सुधारणा दिसली नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा मैदानावर पाठवू नये.

मूल असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, फिट आली किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. शरीराच्या आतील तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेले असते. अंग कोरडे असेलच असे नाही, पळता पळता कोसळलेल्या मुलाला भरपूर घाम आलेला असू शकतो, आणि घाम आहे म्हणून उष्माघात नाही असे ठरवल्याने मोलाची मिनिटे जातात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालत राहावे. मान, काखा व जांघांत थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग होत नाही, कारण हे तापमान तापाच्या यंत्रणेने वाढलेले नसते.